ब्रँडच्या म्युझिक व्हिडिओची ट्रीटमेंट: तीन बजेट, एकच फिल्म

"चालण्याचे बूट बनवणाऱ्या एका ब्रँडसाठी म्युझिक व्हिडिओ करायचाय. एजन्सीने पाच दिवसांत ट्रीटमेंट, म्हणजे फिल्म कशी दिसेल आणि कशी होईल याची लेखी मांडणी, मागितली आहे. मूड रेफरन्स, लोकेशन आणि तीन बजेटचे पर्याय हवेत म्हणतात. मी शॉर्ट फिल्म केल्यात, पण ट्रीटमेंट कधी लिहिलेली नाही. सुरुवात कुठून करू आणि तीन पर्याय मांडायचे कसे?"

पहिल्या दिवशी चित्रं शोधायला बसू नका. गाणं ऐका, कागदावर उतरवा आणि त्याच संध्याकाळी शूटिंगची आखणी आणि खर्च पाहणाऱ्या लाइन प्रोड्युसरला फोन करा. बहुतेक जण दोन दिवस चित्रं जमवण्यात घालवतात, मग त्या चित्रांना शोभेल अशी कल्पना बेततात आणि शेवटच्या रात्री प्रोड्युसरकडून आकडे मागवतात. अशा ट्रीटमेंटमध्ये मूड, जागा आणि पैसा एकमेकांना ओळखतच नाहीत. मूडच्या पानावर पहाटेचं धुकं आणि शेकडो माणसं असतात, लोकेशनच्या पानावर दुपारी मिळणारी जागा असते आणि सर्वांत लहान बजेटमध्ये एका दिवसाचं शूटिंग असतं. क्लायंटने लहान बजेट निवडलं, तरी त्याच्या डोक्यात धुक्याचंच चित्र राहतं. ट्रीटमेंटमध्ये लावलेलं प्रत्येक चित्र त्याच्या दृष्टीने तुमचा शब्द असतो.

म्हणून मूड, जागा आणि पैसा यांचा निर्णय एकत्रच घ्यायचा. पुढे मी एक कल्पित उदाहरण शेवटपर्यंत नेतो, त्यातून हे जास्त स्पष्ट होईल.

लिहिण्याआधी एजन्सीला चार प्रश्न विचारा. गाणं अंतिम आहे की डेमो? गायक फ्रेममध्ये दिसणार आहे का, आणि असल्यास त्याचे किती तास मिळतील? मुख्य व्हिडिओखेरीज काय काय द्यायचंय: उभी आवृत्ती, तीस सेकंदांची, सहा सेकंदांची? आणि बजेटची वरची मर्यादा सांगता येईल का? चौथ्याचं उत्तर बहुधा मिळत नाही, म्हणूनच तर तीन पर्याय मागतात. पहिल्या तिन्हींची उत्तरं मात्र आग्रहाने मिळवा. गाणं डेमो असेल आणि नंतर त्यातला एक अंतरा उडाला, तर तुमच्या मांडणीतला तेवढा भाग कोसळतो.

आता गाणं. समजा गाणं दोन मिनिटं पन्नास सेकंदांचं आहे, लय मिनिटाला 96 ठोक्यांची. चार ठोक्यांचा एक बार अडीच सेकंदांचा होतो, म्हणजे पूर्ण गाण्यात 68 बार. सुरुवातीचं संगीत दहा सेकंद, पहिला अंतरा चाळीस, मुखडा वीस, दुसरा अंतरा तीस, पुन्हा मुखडा वीस, ब्रिज म्हणजे शेवटच्या मुखड्याआधीचा वेगळ्या चालीचा तुकडा वीस आणि शेवटचा मोठा मुखडा तीस सेकंद. एवढं एका पानावर उभं लिहा आणि प्रत्येक भागासमोर दोनच गोष्टी नोंदवा: इथे गाण्यात काय बदलतं आणि म्हणून चित्रात काय बदलायला हवं. हे पान ट्रीटमेंटमध्ये जसंच्या तसं जाणार नाही, पण पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. शॉर्ट फिल्म करणाऱ्यांना इथे वेगळा विचार करावा लागतो. प्रसंग किती वेळ चालेल हे तुमच्या हातात नसतं. मुखडा वीस सेकंदांतच येतो आणि जातो.

आपल्या उदाहरणातली कल्पना अशी: रात्रपाळी संपवून एक बाई पहाटे चालत घरी निघते. शहर नेमकं तेव्हाच कामाला निघालंय. सगळे एका दिशेने चाललेत, ती एकटी उलट्या दिशेने. सुरुवातीच्या दहा सेकंदांत ती कामावरचे बूट काढून लॉकरमध्ये ठेवते आणि ब्रँडचे बूट घालते. शेवटच्या मुखड्यात ती पादचारी पुलावरच्या गर्दीतून पार होते आणि उजाडतं. ब्रँडचं स्थान इथे एका कृतीत बसलंय. बूट बदलणं म्हणजे तिचा दिवस संपणं, त्यामुळे तो क्लोज-अप कथेलाच हवा असतो, जाहिरातीसाठी वेगळा घुसवावा लागत नाही. कल्पना सुचली की हे आधी तपासा. वस्तू काढून घेतली तरी कथा जशीच्या तशी चालत असेल, तर ब्रँडचा माणूस दुसऱ्याच मीटिंगमध्ये वस्तूचे आणखी शॉट मागेल, आणि त्याचं मागणं रास्त असेल.

यानंतर एक वाक्य लिहायचं, जे तिन्ही बजेटमध्ये बदलणार नाही. मी त्याला फिल्मचा कणा म्हणतो. इथे कणा असा: "एक बाई गर्दीच्या उलट्या दिशेने चालते आणि तिच्या चालण्यात उजाडतं." यात चार गोष्टी आहेत: ती, गर्दी, चालणं, पहाट. लॉकर, जिना, रस्ता, घर हे सगळं लहानमोठं करता येतं. या चार गोष्टी मात्र सर्वांत लहान बजेटमध्येही पूर्ण ताकदीने दिसायला हव्यात. दिसत नसतील तर कल्पना बदला. मधल्या बजेटपासूनच जी जिवंत होते ती कल्पना या कामाची नाही, कारण क्लायंट कुठला पर्याय घेईल हे आपल्याला ठाऊक नसतं.

आता या चारपैकी सर्वांत महाग काय आहे? गर्दी असं वाटेल. प्रत्यक्षात महाग आहे ती पहाट. सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांवर असल्यापासून तो उगवेपर्यंतचा निळसर उजेड विषुववृत्ताच्या आसपास वीस-पंचवीस मिनिटंच टिकतो. जसजसं ध्रुवांकडे जाल तसा तो लांबतो. हिशेबाला चोवीस मिनिटं धरू. पूर्ण गाण्यावर चालण्याचा सलग टेक घ्यायचा झाला, तर टेकचे जवळपास तीन मिनिटं आणि माणसांना पुन्हा जागेवर आणायला आणखी तीन मिनिटं लागतात. म्हणजे एका पहाटेत चार टेक. त्यातला पहिला फार काळोखा आणि शेवटचा फार उजळ निघाला, तर उरतात दोन. पण पहाट फक्त शेवटच्या तीस सेकंदांच्या मुखड्यासाठी राखली, तर एका टेकला साडेतीन मिनिटं पुरतात आणि सहा-सात टेक होतात. या एका हिशेबातून सर्वांत लहान बजेटची रचना ठरते: एकच पहाट, ती फक्त शेवटच्या मुखड्यासाठी, बाकीची रात्र बंद जागेत दिव्यांनी तयार करायची. तिन्ही पर्यायांमधला खरा फरकही इथेच सापडतो. एक पहाट, दोन पहाटा, तीन पहाटा. क्लायंटला हे एका वाक्यात कळतं, आणि आपण पैसे कशाचे देतोय तेही कळतं.

प्रत्येक कल्पनेत अशी एक गोष्ट असते जिच्यावर खर्च बेतलेला असतो. कुठे पाऊस, कुठे नर्तकांच्या तालमीचे दिवस, कुठे गायकाचे मोजके तास. ती शोधल्याशिवाय पर्याय लिहायला घेऊ नका.

एवढं झाल्यावर रेफरन्स. आता काय शोधायचंय हे तुम्हाला ठाऊक असतं, म्हणून दोन दिवसांचं काम काही तासांत होतं. वीस-पंचवीस चित्रं पुरतात. प्रत्येक चित्राने एकच काम करावं: प्रकाश, रंग, फ्रेमिंग, हालचाल, पोत किंवा चेहऱ्यावरचा भाव. आणि प्रत्येकाखाली एक ओळ हवी: यातून काय घेतोय आणि काय घेत नाही. उदाहरणार्थ: "इथून फक्त मागच्या दिव्याचा पिवळा आणि आभाळाचा निळा यांचा सामना. ओला रस्ता आपल्या फिल्ममध्ये नाही." ही दुसरी अर्धी ओळ बरेच जण लिहीत नाहीत, आणि वाद नेमका तिथून सुरू होतो. ओला रस्ता म्हणजे पाण्याचा टँकर, तो आणण्याची परवानगी, घसरू नये म्हणून घेतलेली काळजी आणि प्रत्येक टेकआधी पुन्हा पाणी मारणं. चित्रात तो सुंदर दिसतो, म्हणून क्लायंटला तो हवासा वाटतोच. नको असेल तर तसं लिहा, किंवा कोरड्या रस्त्याचं चित्र शोधा.

निवडताना मी तीन गोष्टी कटाक्षाने पाळतो. एकाच फिल्ममधली दोनपेक्षा जास्त चित्रं घेत नाही, कारण तिसऱ्या चित्रानंतर वाचणाऱ्याला "म्हणजे त्याच्यासारखं" असं वाटू लागतं आणि तुमची फिल्म दुसऱ्याची नक्कल ठरते. प्रतिस्पर्धी ब्रँडच्या जाहिरातींना हात लावत नाही. आणि सर्वांत मोठ्या बजेटमध्येही जे परवडणार नाही, ते चित्र कितीही आवडलं तरी काढून टाकतो. चित्रांच्या आकाराकडेही लक्ष ठेवा. उभी आवृत्ती द्यायची असेल तर रुंद फ्रेमचीच चित्रं लावून चालत नाही. आपल्या उदाहरणात पुलावरची गर्दी आडव्या फ्रेममध्ये डावीकडून उजवीकडे भरते, पण उभ्या फ्रेममध्ये तिला पुढून मागे रचावं लागतं, एकामागे एक. मी तर इथे मूळ शॉटच तसा रचेन. ती कॅमेऱ्याकडे येतेय आणि माणसं तिच्या दोन्ही बाजूंनी मागे जातायत. हा शॉट दोन्ही आकारांत टिकतो आणि उभ्या आवृत्तीसाठी वेगळं शूट करावं लागत नाही. एवढं एक वाक्य ट्रीटमेंटमध्ये असलं की प्रोड्युसरही खूश असतो आणि एजन्सीही.

हलत्या चित्रांचे तुकडे जोडून गाण्यावर मूड रील करायची पद्धत आहे. करा, पण मिनिटाच्या आत ठेवा, आणि तिचं काम फक्त कापण्याची लय दाखवणं हे ठेवा. पूर्ण गाण्यावर घट्ट बसवलेली रील क्लायंटला इतकी आवडते की नंतर तुमचा खरा एडिट त्याला परका वाटतो.

हालचालीबद्दल आणखी एक, कारण हे पैशाशी जोडलेलं आहे. रेफरन्समध्ये ओठ गाण्याशी जुळताहेत आणि शरीर मात्र तरंगल्यासारखं मंद चालतंय असा शॉट असेल, तर तो कसा होतो ते समजून घ्या. गाणं वेगात वाजवून गाऊन घेतात आणि कॅमेरा त्याच प्रमाणात जास्त फ्रेम टिपतो. फिल्म सेकंदाला 25 फ्रेमची असेल आणि कॅमेरा 50 ने चालवला, तर गाणं दुप्पट वेगाने वाजवावं लागतं. आपलं 96 चं गाणं 192 वर जातं आणि शब्द तोंडात मावत नाहीत. दीडपट ठेवलं तर लय 144, कॅमेरा 37.5 फ्रेमवर, आणि सराव केला तर हे जमतं. म्हणजे त्या गायकाला तालमीचा वेळ हवा, प्लेबॅकची वेगळी फाइल हवी. आपल्या फिल्ममधली बाई गात नाही, हे या दृष्टीने सोपं आहे, आणि तसं ट्रीटमेंटमध्ये स्पष्ट लिहायचं: "मुख्य पात्र कुठेही ओठ हलवत नाही." नाहीतर पहिल्याच कॉलवर गायकाची टीम विचारते.

लोकेशनच्या पानावर सुंदर जागांचे फोटो लावले म्हणजे काम झालं असं होत नाही. अजून रेकी, म्हणजे जागांची प्रत्यक्ष पाहणी, झालेली नसते, त्यामुळे विशिष्ट जागेचं नाव देण्यापेक्षा जागेच्या अटी लिहा. नाव दिलं आणि परवानगी मिळाली नाही, तर क्लायंटला काहीतरी हिरावल्यासारखं वाटतं. अटी लिहिल्या तर दुसरी जागा तितकीच बरोबर असू शकते. आपल्या उदाहरणातलं पुलाचं पान मी असं लिहीन:

"पादचारी पूल पूर्व-पश्चिम असावा. ती पूर्वेकडे चालते, त्यामुळे उजाडत जातं तसा प्रकाश तिच्या चेहऱ्यावर येत जातो. तिच्या मागून पाहिलं तर समोरून येणारी माणसं आभाळापुढे काळ्या आकृत्यांसारखी दिसतात. रुंदी पाच-सहा माणसं शेजारी शेजारी चालतील एवढीच. त्याहून रुंद पुलावर गर्दी विरळ वाटते. पूर्वेच्या टोकाला उंच इमारत नको, नाहीतर उगवता प्रकाश अर्धा तास उशिरा पोचेल. पहाटे दोन तास पूल आमच्या ताब्यात असावा, किंवा लोकांसाठी दुसरी वाट असावी. कठड्यांवर आणि मागच्या दृश्यात जाहिरातफलक नकोत."

यातली शेवटची अट शॉर्ट फिल्ममधून आलेल्यांना अनोळखी असते. ब्रँडचा व्हिडिओ ही जाहिरात असते, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचं चिन्ह, दुकानाची पाटी, भिंतीवरचं रंगवलेलं चित्र, ओळखू येणारी खासगी इमारत, रस्त्याने जाणाऱ्याचा चेहरा, हे सगळं ब्रँडचा कायदेविभाग एकेक फ्रेम थांबवून पाहतो. भिंतीवरचं चित्र सार्वजनिक ठिकाणी असलं तरी त्याचा हक्क बहुधा चित्रकाराकडे असतो. त्याची लेखी परवानगी नसेल तर ते पोस्टमध्ये, म्हणजे शूटिंगनंतरच्या कामात, पुसावं लागतं, आणि हलत्या कॅमेऱ्यातलं पुसणं पुलाच्या एका दिवसाच्या भाड्यापेक्षाही महाग पडू शकतं. म्हणून रंगीत भिंतींच्या गल्लीचा रेफरन्स लावण्याआधी विचार करा.

जागांची संख्या ठरवताना अंतर मोजा. पूर्ण युनिट एका जागेहून दुसरीकडे हलायला, गाड्या भरून, पोचून, पुन्हा दिवे लावेपर्यंत दीड-दोन तास सहज जातात. बारा तासांच्या दिवसात जेवण आणि सुरुवातीची मांडणी वजा केली तर प्रत्यक्ष शूटिंग नऊएक तास उरतं. त्यात दोन वेळा हललात की तिसऱ्या जागेवर पोचेपर्यंत सगळे थकलेले असतात आणि तिन्ही जागा मिळून शूटिंगला फार तर पाच-सहा तास मिळतात. म्हणून लहान बजेटमध्ये मी एकच इमारत निवडेन, जिच्यात लांब कॉरिडॉर, जिना आणि पूर्वेला उघडी गच्ची असेल, आणि जिच्यापासून पूल दहा मिनिटांवर असेल. क्रमही तिथेच ठरतो. उजाडण्याच्या दोन तास आधी युनिट पुलावर. उजाडताना शेवटचा मुखडा. लगेच गच्चीवर कोवळ्या उन्हातला घरी पोचल्याचा शॉट. मग उरलेला दिवस खिडक्या काळ्या कापडाने झाकून कॉरिडॉर, लॉकर आणि जिना, म्हणजे गाण्यातली रात्र. कथेत जे शेवटी येतं ते आधी शूट होतं. बाईची भूमिका करणाऱ्या कलाकाराला रात्रभर जागल्यासारखं दिसायचंय, आणि पहाटे तीनला उठून आलेल्या माणसाला तेवढं सहज साधतं. हा एक छोटा फायदाच झाला.

आता बजेटचे पर्याय. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो: रकमा ट्रीटमेंटमध्ये लिहू नका. त्या प्रोड्युसरच्या वेगळ्या कागदावर जातात. ट्रीटमेंटमध्ये तुम्ही लिहायचं ते दिवस, माणसं, जागा आणि पडद्यावर त्यांचा परिणाम. पण लिहिण्याआधी तुम्हाला आणि प्रोड्युसरला प्रमाण ठाऊक हवं. या उदाहरणासाठी लहान पर्याय शंभर एकक धरू. मी साधारण असा वाटेन: क्रू 26, कॅमेरा आणि दिवे 16, जागा, परवानग्या आणि वाहतूक 14, पोस्ट 13, कलाकार आणि गर्दी 12, कला आणि कपडे 9, राखीव 10. हे काही पक्कं सूत्र नाही, कल्पना बदलली की बदलतं. राखीव रकमेला मात्र हात लावू देऊ नका.

दोन दिवसांच्या शूटिंगला दोनशे लागतील असं वाटतं, पण मी मधला पर्याय 170च्या आसपास धरेन. पूर्वतयारी, रेकी, कास्टिंग आणि एडिट यांचा खर्च दुप्पट होत नाही, आणि सामानाचं भाडंही सलग दिवसांसाठी बहुधा कमी करून मिळतं. प्रत्यक्ष दुप्पट किंवा त्याहून जास्त होतं ते क्रूचं मानधन, जेवण आणि गर्दी. हे कारण तुम्हाला ठाऊक असायला हवं, कारण एजन्सी हमखास विचारते की दुसरा दिवस स्वस्त कसा आणि मग पहिलाही स्वस्त का होत नाही.

ट्रीटमेंटमधलं पान मग असं होईल:

"एक पहाट. एक दिवस, एक इमारत आणि पूल. बारा माणसांची गर्दी. फिल्म तिच्या जवळ राहते. शेवटचा मुखडा लांब लेन्सवर, चेहरा आणि तिला ओलांडणारे खांदे. पहाट फक्त शेवटी येते, म्हणून ती जास्त लागते.

दोन पहाटा. दोन दिवस, तीस माणसं, त्याच जागा आणि शटर उघडणाऱ्या दुकानांची एक गल्ली. दुसऱ्या अंतऱ्यात ती बाहेर पडते, त्यामुळे उजाडणं दुसऱ्या अंतऱ्यापासून टप्प्याटप्प्याने दिसतं.

तीन पहाटा. तीन दिवस, ऐंशी माणसं, वरच्या सर्व जागा आणि बस डेपो. ब्रिजमध्ये एकामागून एक बस तिच्या समोरून निघतात. शेवटच्या मुखड्यात एकदाच वरून दिसणारा शॉट: पूर्ण पूल एका दिशेने वाहतोय आणि एक ठिपका उलटा."

पाहा, लहान पर्यायात काय नाही याची यादी इथे केलेली नाही. तो स्वतःच्या पायावर उभा आहे. त्याची स्वतःची चित्रभाषा आहे: लांब लेन्स, जवळचे चेहरे, अंधारातून शेवटी उजेड. आणि हे तंत्रानेही खरं आहे. 135 मिलिमीटर किंवा त्याहून लांब लेन्स लांबून लावली की पुढची आणि मागची माणसं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात. बारा जण फ्रेममधून गेले की मागून फिरून, पिशवी किंवा ओढणी बदलून पुन्हा रांगेत शिरतात. तीस सेकंदांच्या मुखड्यात कोणाच्या लक्षात येत नाही. तेच बारा जण 24 मिलिमीटरच्या लेन्सपुढे चालवले तर पूल रिकामा दिसेल. म्हणून वरून घेतलेल्या गर्दीचं रेफरन्स चित्र फक्त तीन पहाटांच्या पर्यायापाशी लावायचं, मूडच्या सामान्य पानांवर कधीच नाही. मूडची मुख्य पानं नेहमी लहान पर्यायात जमेल अशाच चित्रांनी भरा. मोठ्या पर्यायांची चित्रं त्या त्या पर्यायाजवळ, दोन-तीनच.

धोक्याचंही लिहा. पाऊस आला किंवा आभाळ भरलं, तर एक पहाटवाला पर्याय सर्वांत जास्त अडचणीत येतो, कारण त्याला दुसरी संधी नाही. तीन पहाटांवाला एखादी गमावूनही तरतो. म्हणजे सर्वांत स्वस्त पर्यायालाच हवामानाच्या राखीव दिवसाची जास्त गरज आहे. तो दिवस धरायचा की भरलेल्या आभाळातच शूट करायचं, हे आधी ठरवून ट्रीटमेंटमध्ये एक वाक्य टाका. ढगाळ पहाट या कथेला शोभतेही. ऊन निघत नाही, पण रंग राखाडीतून पांढऱ्यात जातो. तसं असेल तर एक ढगाळ रेफरन्सही लावून ठेवा. शूटच्या दिवशी क्लायंट आभाळाकडे पाहून घाबरला, की तेच पान तुमच्या कामी येतं.

लांबीबद्दल: पंधरा ते वीस पानं. पहिल्या पानावर अर्ध्या मिनिटात वाचून होईल एवढी कल्पना, मग गाण्याच्या क्रमाने फिल्म, मग प्रकाश-रंग-कॅमेरा, पात्र आणि कपडे, जागा, ब्रँड कुठे कुठे दिसतो, पर्याय आणि शेवटी द्यायच्या आवृत्त्या. कपडे आणि रंगांचं ग्रेडिंग यांना अर्धं अर्धं पान पुरतं. गाण्याच्या क्रमाने लिहिलेल्या भागाला सर्वांत जास्त वेळ द्या, वर्तमानकाळात लिहा आणि कॅमेऱ्याच्या सूचना त्यात कोंबू नका. "दुसऱ्या मुखड्याला जिन्यावर पहिला माणूस समोरून येतो. ती थांबत नाही, फक्त किंचित कडेला होते." एवढ्यात दिग्दर्शन दिसतं.

पाठवण्याआधी तीन तपासण्या करा, त्यासाठी पाचवा दिवस राखून ठेवा. पहिली: सगळी चित्रं झाकून फक्त मजकूर वाचा. फिल्म दिसत नसेल, तर ती अजून तुमच्याही डोक्यात नाही, फक्त चित्रांत आहे. दुसरी: प्रिंट काढून लाइन प्रोड्युसर आणि छायालेखकाला द्या आणि ज्या ज्या शब्दाला पैसे लागतील त्याखाली रेघ मारायला सांगा. "ओलसर", "शेकडो", "दूरवर दिवे लुकलुकतात" अशा शब्दांखाली रेघा येतात. दूरवरचे दिवे लुकलुकायला कोणीतरी ते लावावे लागतात. ज्या रेघांची तरतूद नाही ते शब्द बदला. तिसरी सर्वांत उपयोगी: कामाशी संबंध नसलेल्या कोणाला तरी ट्रीटमेंट एकदा चाळायला द्या, बाजूला ठेवायला सांगा आणि तासाभराने विचारा, कुठलं चित्र आठवतं? आठवलेलं चित्र लहान पर्यायात जमणारं नसेल, तर पानांची मांडणी चुकली आहे. आपल्या उदाहरणात उत्तर "गर्दीतला चेहरा" असं यायला हवं. "वरून दिसणारा पूल" असं आलं, तर ते चित्र लहान करा किंवा काढून फक्त शब्दांत लिहा.

पाठवल्यानंतर बहुधा एक ठरावीक गोष्ट घडते, तिची तयारी ठेवा. क्लायंट मधला पर्याय घेतो आणि म्हणतो, "बस डेपो मात्र हवाच." तिथे लगेच हो किंवा नाही म्हणू नका. डेपोला तिसरी पहाट लागते का, एवढंच आधी पाहा. आपल्या मांडणीत डेपो ब्रिजमध्ये आहे, म्हणजे वीस सेकंद. बसच्या दिव्यांवर तो पूर्ण अंधारात शूट होऊ शकतो, म्हणजे पहाटेची गरज नाही, फक्त रात्रीचे काही तास आणि तिथली परवानगी. मग देवाणघेवाण मांडता येते: शटरांच्या गल्लीऐवजी डेपो, तोच दिवस, पहिल्या पहाटेच्या आधीचे तीन तास. क्रूचे तास त्यामुळे बारावर जातात की चौदावर, हे प्रोड्युसरला विचारूनच कळवा. चौदावर जात असतील तर त्या दिवसाचं गच्चीचं काम दुसऱ्या दिवशी ढकला, आणि बदललेलं पर्यायाचं पान त्याच संध्याकाळी पुन्हा पाठवा, म्हणजे सगळ्यांकडे एकच कागद राहील.